पेट्रोलचा पंपावरचा भाव कसा ठरतो आणि राज्याराज्यांत तो वेगळा का असतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरील हिशेब साध्या पेट्रोलचा आहे आणि त्यातील आकडे प्रामुख्याने एप्रिल २०२५ मधील आहेत. भाव बदलत राहतात, परंतु भावाची रचना सहसा बदलत नाही. ती एकदा नीट समजली की पुढचा कोणताही आकडा वाचकाला स्वतः मांडून पाहता येतो.

पंपावर एका लिटरसाठी आपण जे पैसे देतो, ते नेमके कशाकशाचे असतात?

दिल्लीचे उदाहरण घेऊ, कारण सरकारी तेल कंपन्या दिल्लीच्या भावाची फोड नियमितपणे प्रसिद्ध करतात. एप्रिल २०२५ मध्ये तेथे पेट्रोल ९४.७७ रुपये लिटर होते. त्यातील सुमारे ५३.०७ रुपये ही तेल कंपनीने पंपचालकाला लावलेली करपूर्व किंमत होती आणि तिच्यात वाहतुकीचे काही पैसे धरलेले होते. त्यावर केंद्र सरकारचे उत्पादन शुल्क २१.९० रुपये आणि पंपचालकाचे सरासरी कमिशन ४.४० रुपये मिळवले की ७९.३७ रुपये होतात. या संपूर्ण रकमेवर दिल्ली सरकारचा १९.४० टक्के व्हॅट, म्हणजे १५.४० रुपये लागतो आणि फलकावर ९४.७७ हा आकडा येतो.

या क्रमाकडे नीट लक्ष द्यावे. व्हॅट केवळ पेट्रोलच्या किमतीवर लागत नाही. केंद्राचे शुल्क जिच्यात आधीच मिसळलेले आहे, अशा किमतीवर तो लागतो. म्हणजे करावर कर बसतो आणि राज्याराज्यांतील फरक समजून घेताना ही गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते.

मूळ किंमत म्हणजे कच्च्या तेलाचा भाव का?

नाही. समजा, कच्चे तेल ७० डॉलर बॅरल आहे आणि डॉलर ८५ रुपयांना आहे. एका बॅरलमध्ये सुमारे १५९ लिटर तेल असते, म्हणून कच्चे तेल लिटरला ३७ रुपयांच्या थोडे वर पडते. हा आकडा आणि ५३ रुपये यांच्यामधील अंतर कशामुळे पडते, हे समजायला आपल्याकडील पद्धत पाहावी लागेल. शुद्धीकरण कारखान्याला पेट्रोलसाठी मिळणारी किंमत त्याच्या उत्पादनखर्चावरून ठरत नाही. तेच तयार पेट्रोल परदेशातून आणले असते तर किती पडले असते आणि येथून निर्यात केले असते तर किती मिळाले असते, यांचा मेळ घालून ती ठरवतात. रंगराजन समितीच्या शिफारशीनंतर २००६ मध्ये आयातीच्या किमतीला ८० टक्के आणि निर्यातीच्या किमतीला २० टक्के वजन देण्याची पद्धत आली. त्यामुळे आखाती बाजारातील तयार पेट्रोलचा भाव, जहाजभाडे, विमा आणि डॉलरचा दर हे सारे मूळ किमतीत येते. त्यावर कंपनीचा साठवणुकीचा व वितरणाचा खर्च आणि तिचा नफा चढतो.

सरकारने भाव खुले केले आहेत, मग ते महिनोन्‌महिने हलत का नाहीत?

पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी ६ वाजता नवा भाव लागू करण्याची पद्धत सुरू झाली. कागदावर ती आजही आहे. प्रत्यक्षात मे २०२२ मधील शुल्ककपातीनंतर दिल्लीतील भाव ९६.७२ रुपयांवर थांबला आणि १५ मार्च २०२४ रोजी कंपन्यांनी २ रुपये कमी करेपर्यंत तो तेथेच राहिला. या काळात जागतिक बाजार स्थिर नव्हता. तेल महागले तेव्हा कंपन्यांनी तोटा सोसला आणि स्वस्त झाले तेव्हा तो भरून काढला.

एप्रिल २०२५ मध्ये हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसली. केंद्राने उत्पादन शुल्क लिटरला २ रुपयांनी वाढवले, तरी पंपावरचा भाव बदलला नाही. तेव्हा कच्चे तेल उतरले होते आणि ग्राहकाला जी सूट मिळू शकली असती, तिची जागा शुल्काने घेतली. फलकावरचा आकडा तोच राहिला म्हणून त्याच्या आतील वाटणीही तीच राहिली, असे समजू नये.

केंद्राचे उत्पादन शुल्क देशभर सारखेच असते ना? मग त्यामुळे राज्यांत फरक पडतो का?

शुल्क सर्वत्र सारखेच असते आणि ते टक्क्यांत नसून लिटरमागे ठरावीक रुपयांत असते. मे २०२० नंतर ते ३२.९८ रुपयांपर्यंत चढले होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते २७.९० आणि मे २०२२ मध्ये १९.९० रुपयांवर आले, तर एप्रिल २०२५ मध्ये २१.९० रुपये झाले. तरीही त्याचा भार सर्व राज्यांत सारखा पडत नाही, कारण त्यावर लागणारा व्हॅट वेगवेगळा आहे. २१.९० रुपयांवर दिल्लीच्या दराने सुमारे ४.२५ रुपये कर बसतो, तर महाराष्ट्राच्या २५ टक्के दराने ५.४७ रुपये. मे २०२२ मध्ये केंद्राने ८ रुपये कमी केले, तेव्हा पेट्रोल साडेनऊ रुपयांनी स्वस्त होईल असे जाहीर झाले होते. वरचा दीड रुपया या व्हॅटच्या परिणामाचा होता.

या शुल्काच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या मते या विषयावरील चर्चेत सर्वांत दुर्लक्षित राहिलेली बाब तीच आहे. २१.९० रुपयांपैकी मूळ उत्पादन शुल्क केवळ १.४० रुपये आहे. उरलेल्या रकमेत १३ रुपये विशेष अतिरिक्त शुल्क, ५ रुपये रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आणि २.५० रुपये कृषी पायाभूत सुविधा उपकर आहे. राज्यांना द्यावयाच्या वाट्यात फक्त मूळ शुल्क धरले जाते. २०२१ ते २०२६ या काळासाठी वित्त आयोगाने राज्यांचा वाटा ४१ टक्के ठरवला होता. त्या हिशेबाने एका लिटरमागे सर्व राज्यांना मिळून ५७ पैसे येतात. केंद्र सुमारे २१ रुपये स्वतःकडे ठेवत असेल, तर पेट्रोलवरून पैसे उभे करण्यासाठी राज्यापुढे स्वतःच्या व्हॅटखेरीज दुसरा मार्ग उरत नाही.

मग मुंबईत पेट्रोल दिल्लीपेक्षा जवळपास नऊ रुपयांनी महाग का? शुद्धीकरण कारखाने तर मुंबईतच आहेत.

माहुलला भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांचे मोठे कारखाने आहेत, त्यामुळे हा प्रश्न मुंबईकराला पडणे स्वाभाविक आहे. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत भाव १०३.५० रुपये होता, म्हणजे दिल्लीपेक्षा ८.७३ रुपये जास्त.

महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट लागतो आणि त्याशिवाय लिटरमागे ५.१२ रुपये अतिरिक्त कर असतो. दिल्लीतील व्हॅटपूर्व ७९.३७ रुपयांवरच महाराष्ट्राचे दर लावून पाहू. पंचवीस टक्क्यांचे १९.८४ रुपये आणि वरचे ५.१२ रुपये मिळून राज्याचा कर २४.९६ रुपये होतो आणि भाव १०४.३३ रुपयांवर जातो. दिल्लीचा व्हॅट १५.४० रुपये होता, म्हणून केवळ कराचा फरक ९.५६ रुपयांचा निघतो. प्रत्यक्ष फरक त्याहून ८३ पैशांनी कमी आहे. हे पैसे दोन ठिकाणच्या मूळ किमती, वाहतूक आणि करपात्र रकमेचा हिशेब यांत थोडे थोडे विभागलेले असतात. म्हणजेच दोन शहरांमधील भावाची दरी करामुळेच पडलेली आहे. मुंबईकराला कारखान्याच्या शेजाराचा जो थोडाफार फायदा मिळाला असता, तो करात बुडून जातो.

दिल्ली पूर्वीपासून इतकी स्वस्त नव्हती. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला दिल्ली सरकारने व्हॅट ३० टक्क्यांवरून १९.४० टक्क्यांवर आणला आणि भाव एका रात्रीत १०३.९७ वरून ९५.४१ रुपयांवर आला. त्या रात्री कच्च्या तेलात, डॉलरमध्ये किंवा वाहतुकीत काहीही घडले नव्हते.

महाराष्ट्रातील हे ५.१२ रुपये कोठून आले?

ऑक्टोबर २०१५ मध्ये दुष्काळ निवारणासाठी निधी हवा म्हणून पेट्रोलवर लिटरमागे २ रुपये अधिभार लावण्यात आला. पुढे ही रक्कम टप्प्याटप्प्याने बदलत गेली आणि करोनाच्या काळात, जून २०२० पासून ती १०.१२ रुपये झाली. जुलै २०२२ मध्ये ५ रुपये कमी करण्यात आले, तेव्हापासून ५.१२ रुपये उरले. दुष्काळ सरतो, परंतु त्याच्या नावाने आलेली आकारणी सहसा पूर्णपणे मागे घेतली जात नाही, हे या आकड्याच्या इतिहासावरून दिसते. राज्याच्या तिजोरीला या पैशाची गरज असेल, तर तो कोणत्या कामासाठी घेतला जात आहे हे दर वर्षी स्पष्टपणे सांगितले जावे, अशी अपेक्षा ग्राहकाने जरूर ठेवावी.

पूर्वी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई येथे व्हॅटचा दर एक टक्का जास्त, म्हणजे २६ टक्के होता. जुलै २०२४ पासून तेथील पेट्रोलचा दरही उर्वरित राज्याप्रमाणे २५ टक्के करण्यात आला.

राज्यभर कर एकच आहे, तर परभणीत पेट्रोल मुंबईपेक्षाही महाग का असते?

येथे वाहतूक आडवी येते. मुंबईच्या कारखान्यातून निघालेले पेट्रोल जमिनीखालील वाहिनीने मनमाडजवळच्या पानेवाडीपर्यंत येते. वाहिनीतून तेल नेणे स्वस्त पडते. पानेवाडीच्या डेपोतून पुढे मात्र टँकर भरून रस्त्याने न्यावे लागते आणि तेथून परभणी तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पंप डेपोपासून जितका दूर, तितकी वाहतूक जास्त, आणि हा खर्च भावात मिळवला जातो.

वाहतुकीचा हा खर्चही करपात्र किमतीचा भाग असतो. टँकरच्या भाड्यामुळे लिटरमागे १ रुपया वाढला, तर २५ टक्के दराने ग्राहकाला १.२५ रुपये जास्त मोजावे लागतात. म्हणजे डेपो लांब असल्याची किंमत मोजणाऱ्या मराठवाड्यातील ग्राहकाकडून त्या लांबीवरही कर वसूल होतो. परभणीचा भाव राज्यातील सर्वांत चढ्या भावांत वर्षानुवर्षे का असतो, याचे उत्तर यात आहे. एकाच गावातील दोन पंपांवर काही पैशांचा फरक दिसतो, तोही बहुधा डेपो वेगळा किंवा कंपनी वेगळी असल्यामुळे पडतो.

पंपचालकाला लिटरमागे ४.४० रुपये मिळतात. हा निव्वळ नफा असतो का, आणि तो स्वतः भाव वाढवू शकतो का?

सरकारी कंपन्यांच्या पंपावर भाव ठरवण्याचा अधिकार चालकाला नाही. सकाळी ६ वाजता नवा भाव कंपनीकडून येतो आणि स्वयंचलित यंत्रणा असलेल्या पंपांवर तो थेट वितरण यंत्रात भरला जातो. कमिशनही कंपन्याच ठरवतात. त्यात दर हजार लिटरमागे एक ठरावीक रक्कम आणि किमतीच्या टक्क्यात मोजलेला एक छोटा भाग असतो. २०१७ नंतर सुमारे सात वर्षे ते वाढले नव्हते. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस पेट्रोलवर लिटरमागे सुमारे ६५ पैशांची वाढ मिळाली. या रकमेतून कामगारांचे पगार, वीजबिल, कंपनीला द्यावयाचे शुल्क, बँकेचे व्याज आणि बाष्पीभवनाने होणारी घट हे सारे भागवायचे असते.

त्याची खरी कोंडी भाव एकदम उतरतो तेव्हा होते. उत्पादन शुल्क पंपावर भरले जात नाही. ते कंपनीच्या पातळीवर भरले जाते आणि चालकाने घेतलेल्या मालाच्या किमतीत आधीच आलेले असते. मे २०२२ मध्ये शनिवारी संध्याकाळी घोषणा झाली आणि रविवारी सकाळी नवा भाव लागू झाला. ज्या पंपाच्या टाकीत त्या रात्री १२ हजार लिटर, म्हणजे एका टँकरइतके पेट्रोल होते, त्याने जुने शुल्क भरलेला माल नव्या भावाने विकला. ८ रुपयांच्या हिशेबाने केवळ शुल्कातच ९६ हजार रुपये गेले. ४.४० रुपये कमिशनाने एवढी रक्कम मिळवायला जवळपास २२ हजार लिटर पेट्रोल विकावे लागते. भाव वाढतो तेव्हा अशाच साठ्यावर चालकाला फायदाही होतो, हे येथे नमूद केले पाहिजे. मात्र मोठ्या कपाती अशा एकाच रात्रीत येतात, तर वाढ बहुधा पैशापैशाने होत जाते.

काही राज्ये टक्क्यांत कर घेतात, काही रुपयांत. त्याने ग्राहकाला काय फरक पडतो?

भाव स्थिर असताना फारसा फरक जाणवत नाही, पण तो चढू लागला की जाणवतो. तामिळनाडूत १३ टक्के आणि लिटरमागे ११.५२ रुपये अशी रचना आहे, म्हणजे कराचा मोठा भाग ठरावीक आहे. तेलंगणात ३५.२० टक्के व्हॅट आहे. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये येतो. समजा, जागतिक बाजारामुळे मूळ किंमत ५ रुपयांनी वाढली. तामिळनाडूत त्यावर ६५ पैसे कर चढेल, महाराष्ट्रात १.२५ रुपये आणि तेलंगणात १.७६ रुपये. दर न वाढवताही तेलंगणाचे उत्पन्न वाढते आणि ग्राहकावर मूळ वाढीहून अधिक बोजा पडतो. भाव उतरताना हेच उलट होते, म्हणून टक्केवारीवर विसंबलेल्या राज्याचे उत्पन्नही खालीवर होत राहते. मला ठरावीक रकमेची पद्धत ग्राहकासाठी अधिक न्याय्य वाटते, कारण महागाईच्या काळात सरकारचा वाटा आपोआप फुगत नाही.

सीमेपलीकडे जाऊन पेट्रोल भरणे परवडते का?

हे कोणत्या सीमेवर आहात यावर अवलंबून आहे. गोव्यात २१.५ टक्के व्हॅट आणि अर्धा टक्का हरित उपकर आहे, लिटरमागे वेगळी रक्कम नाही. आपल्या त्याच ७९.३७ रुपयांवर हा कर १७.४६ रुपये होतो, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा साडेसात रुपये कमी. बांद्याहून पत्रादेवी ओलांडून कामानिमित्त रोज जाणाऱ्या माणसाने तेथे ३० लिटर भरले, तर सव्वादोनशे रुपये वाचतात. केवळ पेट्रोलसाठी पन्नास किलोमीटर जाऊन येणाऱ्याची बचत मात्र बहुतांशी रस्त्यावरच जळते. याच गोव्यात २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने पेट्रोलवरील व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला होता आणि भाव लिटरला सुमारे ११ रुपयांनी उतरला होता. पुढे तो कर टप्प्याटप्प्याने परत आला.

कोल्हापूरकरांना निपाणीचे गणित ठाऊक असते, पण ते आता बदलले आहे. कर्नाटकाचा दर २५.९२ टक्के होता तेव्हा आपल्या हिशेबाने फरक साधारण ४.४० रुपये पडत असे. जून २०२४ मध्ये कर्नाटकाने तो २९.८४ टक्के केला आणि फरक सव्वा रुपयाच्या आसपास आला. असे बदल होतात तेव्हा सीमेवरील पंपांची विक्री लगेच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकते. त्यामुळे शेजारच्या राज्याचा दर पाहिल्याशिवाय कोणत्याही राज्याला आपला दर फार वर नेता येत नाही.

पेट्रोल जीएसटीमध्ये आणले तर सर्वत्र एकच भाव होईल का?

कराचा दर एक होईल, पण भाव अगदी एक होणार नाही, कारण वाहतुकीचा फरक उरेलच. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा कच्चे तेल, पेट्रोल, डिझेल, विमानाचे इंधन आणि नैसर्गिक वायू यांना त्याबाहेर ठेवले गेले. त्यांच्यावर तो केव्हापासून लावायचा, याची शिफारस जीएसटी परिषदेने करावी, अशी तरतूद राज्यघटनेत आहे. म्हणजे कायद्याची दारे बंद नाहीत. अडचण पैशाची आहे.

हिशेब मांडून पाहू. करपूर्व किंमत ५३.०७ आणि कमिशन ४.४० मिळून ५७.४७ रुपये होतात. त्यावर सप्टेंबर २०२५ पासून असलेला सर्वांत चढा, ४० टक्के दर लावला, तरी कर सुमारे २३ रुपये होतो आणि पेट्रोल साडेऐंशी रुपयांच्या आत येते. या २३ रुपयांचे केंद्र आणि राज्य यांच्यात दोन समान भाग झाले, तर महाराष्ट्राला लिटरमागे २५ रुपयांऐवजी साडेअकरा रुपये मिळतील आणि केंद्राला २१.९० ऐवजी तितकेच. ही तूट भरून काढण्यासाठी जीएसटीवर पुन्हा वेगळा कर लावू द्यायचा, तर राज्याराज्यांतील फरक तसाच राहील. केरळ उच्च न्यायालयाच्या सूचनेवरून सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौ येथील बैठकीत परिषदेने हा विषय चर्चेला घेतला आणि पेट्रोलजन्य पदार्थ जीएसटीत आणण्याची ही वेळ नव्हे, असे ठरवले. त्या बैठकीत वेगवेगळ्या पक्षांची सरकारे असलेली राज्ये होती आणि या एका मुद्द्यावर ती एकाच बाजूला होती.